मदत हवी आहे: व्हिडिओत शेवट सांगितला नाही, तरी वर्णनातून फुटला

फोंडेकर_वाचक:
मी फोंड्याहून मराठी पुस्तकांच्या सारांशाचे व्हिडिओ करतो. गेल्या आठवड्यात खाणपट्ट्यातल्या एका ट्रकमालक कुटुंबावरची कादंबरी घेतली. (नाव देत नाही, कारण खाली शेवटच सांगावा लागतोय.) साडेआठ मिनिटांच्या व्हिडिओत शेवटाला हात लावला नाही, तरी एकीने लिहिलं, "शेवट कळला, आता वाचू कशाला?" वर्णनात हे होतं:

```
प्रकार: रहस्यकथा
काय मिळेल: पैशापायी बापही मुलाला फसवतो
कोणासाठी: सर्वांसाठी
00:00 गाव आणि घर
01:50 ट्रक आणि कर्ज
04:30 2012, खाणी बंद
07:15 बाबांचीच सही
```

काजूबी: मुखपृष्ठाचा फोटो दाखवलास तर प्रकाशकाची परवानगी लागते ना?

फोंडेकर_वाचक: तो प्रश्न नाही हो, ताई.

डिचोलकर: टॅगची 500 अक्षरं पूर्ण भर. 'बाप मुलगा फसवणूक' घाल, लोक शोधून येतील.

शेणवीमाम: बाब, ट‍ॅगचा उपयोग आता जेमतेम. नावाचं स्पेलिंग लोक चुकवतात तिथेच थोडा. आणि हा टॅग घातला की फुटलाच शेवट.

फोंडेकर, गळती तीन जागी आहे. चॅप्टरचं नाव व्हिडिओखालच्या पट्टीवर दिसतं, वर्णन न उघडणाऱ्यालाही. तिथे 'जुना कागद सापडतो' लिही. कोणाची सही ते वाचकाला पुस्तकात कळू दे. ओळी नुसत्या काढून टाकू नकोस. आपोआप चॅप्टर चालू असतील तर यूट्यूब स्वतःच नावं पाडतं, तीही तपासावी लागतील. पहिली वेळ 00:00 आणि निदान तीन चॅप्टर, एवढं पाळ.

'काय मिळेल'मध्ये तू निकाल लिहिलास. पुस्तक ज्या प्रश्नाशी झगडतं तो लिही: 'हप्ते थकले की घरातली माणसं एकमेकांपासून काय काय लपवतात.' मधल्या पानांतलंच आहे, शेवट कुठेच नाही.

आणि 'रहस्यकथा' म्हटलंस की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून गुन्हेगार शोधायला बसतो. ही कौटुंबिक कादंबरी. 'सर्वांसाठी' म्हणजे कोणासाठीच नाही. 'खाणी बंद झाल्यावर ज्यांच्या दारात ट्रक उभे राहिले त्यांच्या मुलांसाठी, सावकाश वाचणाऱ्यांसाठी' असं लिही. थरार हवा असणारा आपणच पुढे जाईल.

मांडवीकाठी: मी मुलांच्या गोष्टींचे व्हिडिओ करते. माझ्याकडे उलट आहे, आईवडील आधी विचारतात, 'कुत्रा मरत नाही ना?' त्यांना सांगावंच लागतं.

शेणवीमाम: ते वेगळं. 'एका प्राण्याच्या मृत्यूचा प्रसंग आहे' एवढं पुरे. कोणता, कुठे, ते नको.

फोंडेकर_वाचक: देव बरें करूं, माम. चारही ओळी बदलल्या. पण थंबनेलवर मी सहीचा कागद ठेवलाय, तो काढू का?

डिचोलकर: ठेव रे, नुसत्या कागदावरून कोणाला काय कळणार!

शेणवीमाम: सहीचं नाव वाचता येतं का?

फोंडेकर_वाचक: मोबाईलवर नाही. टीव्हीवर… अर्धं.