बिल्डरच्या करारातील ‘फोर्स मेजर’: पुराच्या कारणाने अठरा महिन्यांचा उशीर माफ होतो का?

पूसकाठ
मी महागाव तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. मुलींच्या शिक्षणासाठी पुसदला सोळा सदनिकांच्या, महारेरात नोंदणी झालेल्या इमारतीत फ्लॅट घेतला आहे. करारनामा १७ फेब्रुवारी २०२३ चा असून त्यात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२४ लिहिली आहे. आजवर २२ लाख रुपये भरले आहेत. आता बिल्डरचे पत्र आले आहे: जुलै २०२३ चा पूर, रेतीची टंचाई आणि नगर परिषदेकडून झालेला विलंब ही ‘फोर्स मेजर’, म्हणजे आपल्या नियंत्रणाबाहेरील कारणे असल्यामुळे ताबा ३० जून २०२६ ला मिळेल, आणि सोबतच्या संमतीपत्रावर मी सही करावी. हे कलम त्याला खरोखर वाचवते का?

काळीमाती
माझ्या मोठ्या भावाचा सेन्ट्रिंगचा व्यवसाय आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. महागाव तालुक्यात २२ जुलै २०२३ ला जे झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे; माणसांना वाचवण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले होते. अशा स्थितीत कोणता मजूर कामावर येईल आणि गिट्टीचा ट्रक कोणत्या रस्त्याने येईल? रेतीघाटांचे लिलाव रखडले की सर्व बांधकामे थांबतात, हेही इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तालुक्याच्या गावी बांधणारा माणूस मुंबईच्या कंपनीएवढा धनवान नसतो. गुरुजी, आपण सही केलेल्या करारात ते कलम होते आणि करार दोन्ही बाजूंना बांधतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

वकील_यवतमाळ
काळीमाती यांचे म्हणणे एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे याबद्दल वाद होऊ शकत नाही. रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि प्रकल्पाच्या कामावर परिणाम करणारी इतर नैसर्गिक आपत्ती, एवढाच फोर्स मेजरचा अर्थ दिला आहे. महाराष्ट्राच्या नियमांसोबतच्या नमुना करारात युद्ध, नागरी अशांतता किंवा दैवी आपत्ती हे एक कारण आहे, आणि सरकारचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा अथवा न्यायालयाचा आदेश हे दुसरे. या कारणांनी इमारतीचे काम लांबले, तर बिल्डरला ‘वाजवी’ मुदतवाढ मिळते. इथे ‘वाजवी’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. पूर आला एवढे सिद्ध करून भागत नाही. त्या पुरामुळे याच इमारतीचे काम किती दिवस बंद होते हे दाखवावे लागते, आणि माफी मिळाली तरी तेवढ्याच दिवसांची मिळते.

गुरुजी, आपल्या करारातील कलमाचे शब्द जसेच्या तसे इथे लिहा. त्याशिवाय २०२३ च्या पावसाळ्यात बिल्डरने आपल्याकडे किंवा बँकेकडे हप्ता मागितला होता का, तेही कळवा.

संत्रानगरी
एवढा विचार करण्याचे कारणच नाही. ११ नोव्हेंबर २०२१ च्या न्यूटेक निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की अनपेक्षित घटना असो वा न्यायालयाची स्थगिती, ग्राहकाचा हक्क त्याने कमी होत नाही. म्हणजे फोर्स मेजर हा बचाव संपलेला आहे. पैसे व्याजासह परत मागा आणि मोकळे व्हा.

पूसकाठ
संत्रानगरी, मला पैसे परत नको आहेत, घर हवे आहे. त्याच रकमेत आज पुसदला तसा फ्लॅट मिळणार नाही.

वकीलसाहेब, कलम असे आहे: “दैवी आपत्ती, युद्ध, शासनाचा आदेश, बांधकाम साहित्याची टंचाई किंवा प्रवर्तकाच्या नियंत्रणाबाहेरील कोणत्याही कारणामुळे विलंब झाल्यास प्रवर्तक जबाबदार राहणार नाही.” आपण विचारल्यावर बँकेची फाइल काढली. त्यात १६ ऑगस्ट २०२३ चे डिमांड लेटर आहे आणि त्याला आर्किटेक्टचे प्रमाणपत्र जोडलेले आहे. “तिसरा स्लॅब दि. १४ ऑगस्ट २०२३ रोजी टाकून पूर्ण” असे त्यात लिहिले आहे. बँकेने तो हप्ता त्याच महिन्यात दिला.

वकील_यवतमाळ
हा कागद जपून ठेवा. २२ जुलैला पूर आला आणि १४ ऑगस्टला स्लॅब पडला. मधले सर्व दिवस काम बंद होते असे आपण उदारपणे मानले, तरी ते २३ दिवस होतात. प्रत्यक्षात स्लॅबपूर्वी सेन्ट्रिंग लावणे आणि सळई बांधणे यातच बरेच दिवस जातात, म्हणजे काम त्याहून कमी दिवस थांबलेले असणार. काळीमाती यांच्या भावाला विचारा, तेही हेच सांगतील.

आता हिशेब पाहू. तेवीस दिवस माफ केले तर ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२४ ऐवजी २३ जानेवारी २०२५ होते. ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज मागण्याचा हक्क रेराच्या कलम १८ ने आपल्याला दिला आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआर या कर्जाच्या आधारदरापेक्षा दोन टक्के अधिक असतो. सोयीसाठी ११ टक्के धरू आणि सर्व २२ लाख त्या तारखेपूर्वीच दिले होते असे मानू. वर्षाचे व्याज २ लाख ४२ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २० हजार रुपये. जून २०२६ अखेर अठरा महिन्यांचे ते ३ लाख ६३ हजार होईल. पुराचे तेवीस दिवस वजा केल्याने यातून सुमारे सव्वापंधरा हजार कमी होतात. बिल्डर मात्र त्या तेवीस दिवसांच्या आधारे संपूर्ण ३ लाख ६३ हजारांची माफी मागत आहे.

साहित्याची टंचाई आणि “कोणतेही कारण” हे शब्द बिल्डरने स्वतः घातलेले आहेत, नमुना करारात ते नाहीत. डिसेंबर २०२२ च्या आदेशाने महारेराने फोर्स मेजरचे कलम बदलता येणार नाही असे ठरवले, आणि आपला करार त्यानंतरचा आहे. त्यामुळे हे जास्तीचे शब्द टिकणे कठीण आहे.

काळीमाती
भावाशी बोललो. स्लॅबसाठी सेन्ट्रिंग आणि सळई मिळून किमान दहा-बारा दिवस लागतात असे तो म्हणाला, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीलाच काम सुरू झालेले असणार. पुराबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतो. रेतीबद्दल मात्र माझे समाधान झालेले नाही. घाट बंद असताना दुप्पट भावाने रेती घ्यायची, तर छोट्या बिल्डरने पैसा कुठून आणायचा?

वकील_यवतमाळ
भाऊ, आपला प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बिल्डरच्या बाजूने जात नाही. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात आणि लिलाव लांबतात, हे इथे बांधकाम करणाऱ्याला ताब्याची तारीख लिहिण्यापूर्वीच माहीत असते. जे आधीच दिसत होते त्याला अकल्पित म्हणता येत नाही. शिवाय एनर्जी वॉचडॉग प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की माल महागला आणि करार पार पाडणे तोट्याचे झाले, एवढ्यावरून फोर्स मेजर होत नाही. तो वीज कंपन्यांचा खटला होता, पण तत्त्व इथेही लागते. उपसा पूर्णपणे बंद करणारा शासनाचा आदेश असेल, कृत्रिम वाळूसुद्धा मिळत नसेल आणि त्याच काळात काम ठप्प झाल्याची नोंद असेल, तर मी वेगळा विचार करीन.

आर्वीचा_रहिवासी
माझा अनुभव सांगतो. माझ्या करारात ताबा ३० सप्टेंबर २०१९ ला होता. २०२१ मध्ये मी व्याज मागितले तेव्हा बिल्डरने कोविडचा आदेश पुढे केला आणि सहा महिने वजा करायला सांगितले. १८ मे २०२० चा तो आदेश मी स्वतः वाचला. ज्या प्रकल्पांची मुदत १५ मार्च २०२० रोजी किंवा त्यानंतर संपत होती त्यांच्यासाठीच तो होता. माझा ताबा टाळेबंदीच्या सहा महिने आधीच द्यायचा राहिला होता, मग नंतर आलेली साथ आधीच्या उशिराचे कारण कशी ठरेल? त्यावर बिल्डरने दाखवले की महारेराच्या नोंदणीत प्रकल्पाची तारीख डिसेंबर २०२० आहे. शेवटी सुनावणीपूर्वीच तीन महिन्यांवर तडजोड झाली. ती करायला नको होती असे आजही वाटते.

वकील_यवतमाळ
नोंदणीची तारीख ही बिल्डर आणि महारेरा यांच्यातील बाब आहे. आपला हक्क करारातील तारखेवरून मोजायचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात, ६ डिसेंबर २०१७ रोजी, नोंदणीच्या वेळी दिलेल्या नव्या तारखेमुळे करारातील तारीख पुसली जात नाही असेच सांगितले आहे.

गुरुजी, म्हणूनच त्या संमतीपत्रावर सही करू नका. आज आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. सही केलीत की आपण स्वतःच नवी तारीख मान्य केली असे बिल्डर म्हणेल आणि पूर खरा की खोटा हा प्रश्नच उरणार नाही. पोच घेऊन लेखी कळवा की तारीख मान्य नाही आणि व्याजाचा हक्क राखून ठेवला आहे.

संत्रानगरी
मी घाईने परताव्याचा सल्ला दिला हे मान्य आहे. पण आपण तेवीस दिवस तरी का सोडता? न्यूटेक निकालात परताव्याच्या हक्काबरोबरच, घर ठेवणाऱ्याला ताबा मिळेपर्यंतच्या व्याजाचाही उल्लेख आहे. परतावा निरपेक्ष असेल तर व्याजही निरपेक्षच असले पाहिजे.

वकील_यवतमाळ
हा युक्तिवाद मीही केला असता. न्यायालयाने ‘निरपेक्ष’ हा शब्द परताव्याच्या हक्काबद्दल वापरला आहे आणि व्याजाचा उल्लेख त्यालगतच आहे, हे खरे. तरी नमुना करारातील वाजवी मुदतवाढीचे कलम अजून जागेवर आहे, आणि कोविडच्या काळात महारेराने स्वतः तो कालावधी व्याजाच्या हिशेबातून वगळला होता. माझ्या मते तक्रारीत पूर्ण अठरा महिन्यांचे व्याज मागावे आणि पुराचे दिवस वजा करून पर्यायी हिशेब सोबत जोडावा. संत्रानगरी यांचे मत वेगळे असू शकते.

संत्रानगरी
वेगळेच आहे. पर्यायी हिशेब आपण होऊन जोडला की समोरचा तोच धरून बसतो. ती मागणी त्यांनी करू द्यावी आणि दिवस त्यांनीच सिद्ध करावेत.

पूसकाठ
आज नगर परिषदेत जाऊन आलो. भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज बिल्डरने अद्याप केलेलाच नाही असे आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाने सांगितले. म्हणजे पत्रातील तिसऱ्या कारणासाठी नेमकी कोणती मंजुरी अडली होती, हे आता त्यालाच लेखी विचारतो आहे. महारेराच्या संकेतस्थळावर जुलै ते सप्टेंबर २०२३ च्या तिमाहीची प्रगतीही पाहिली. त्यात काम बंद असल्याची नोंद नाही. दोन्ही पानांच्या प्रती काढल्या आहेत. संमतीपत्र सही न करता फाइलमध्ये ठेवले आहे.