मदत हवी आहे: फॉरवर्डच्या स्क्रीनशॉटमधले दावे सुटे कसे करायचे?

नदीकाठची_वहिनी (भिलवडी)

पावसाळा सुरू झाला की आमच्या गावच्या ग्रुपवर काय काय येतं, हे सांगलीकरांना सांगायला नको. काल संध्याकाळी एकीने स्क्रीनशॉट टाकला. वर पुलाखालच्या पाण्याचा फोटो, खाली मजकूर. मजकूर जसाच्या तसा टाइप केलाय:

"अत्यंत तातडीचे. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळालेल्या माहितीनुसार कोयना धरण १०५ टक्के भरले असल्याने आज रात्री सहाही दरवाजे १० फुटांनी उचलून १ लाख क्युसेक पाणी सोडणार. कर्नाटकने अलमट्टीचे दरवाजे पुन्हा बंद ठेवल्याने पाणी पुढे सरकत नाही. उद्या सकाळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५५ फुटांवर, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त. प्रशासन खरी पातळी लपवत आहे. नदीकाठच्यांनी आजच गुरे हलवा. हा मेसेज"

इथे कापलाय. खाली "अधिक वाचा" दिसतंय.

ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या झाल्या. निम्मे म्हणतात सगळं खोटं, निम्मे गोठा रिकामा करायला निघाले. आम्ही चार-पाच बायका मिळून एकेक गोष्ट वाटून घेऊन तपासायचं म्हणतोय. माझी यादी अशी झाली: कोयना भरलं आणि पाणी सोडणार, अलमट्टी बंद, पाणी ५५ फूट, प्रशासन लपवतंय. एवढंच आहे की आणखी काही सुटतंय? खरं-खोटं इथे विचारत नाहीये, यादी बरोबर करून हवी आहे.

पत्र्याचा_डबा

सोपं आहे. पूर्णविराम दिसला की तोडा. जेवढी वाक्यं तेवढे दावे. आणि हाताने टाइप कशाला केलंत? लेन्सने फोटोतला मजकूर उचलता येतो, दोन सेकंदांचं काम.

डेस्कवरचा (सातारा)

लेन्सने उचला, पण आकडे डोळ्यांनी ताडून बघा. देवनागरी १ आणि ९ मध्ये ते गडबडतं, दशांशाचा टिंबही कधी कधी गिळतं. अशा मेसेजमध्ये आकडा चुकला तर तुम्ही भलताच दावा तपासत बसाल.

पूर्णविरामाची युक्ती मात्र इथे चालणार नाही. पहिलंच वाक्य बघा. त्यात मला चार वेगळ्या गोष्टी दिसतात. एक, ही माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाने दिली. दोन, कोयना १०५ टक्के भरलं. तीन, आज रात्री सहा दरवाजे १० फूट उचलून १ लाख क्युसेक सोडणार. चार, धरण भरलं *म्हणून* सोडणार. वहिनींच्या यादीत यातल्या दोन एकाच ओळीत बसल्यात आणि पहिली तर आलेलीच नाही.

माझी कसोटी एवढीच: एक गोष्ट खरी आणि दुसरी खोटी असू शकते का? असू शकत असेल तर दोन ओळी करा. पाणी खरंच सोडणार असतील, पण ते कार्यालयाने सांगितलेलंच नसेल, असं होऊ शकतं. तेव्हा "कुणी सांगितलं" याची ओळ नेहमी वेगळी.

पत्र्याचा_डबा

मग सहा दरवाजे, १० फूट, १ लाख क्युसेक हेही वेगळे करा की. तीन आकडे, तीन दावे. असं करत गेलात तर पन्नास ओळी होतील आणि सकाळ उजाडेल.

डेस्कवरचा

हा प्रश्न रास्त आहे. माझ्याच कसोटीने ते तीन आहेत, हे मान्य. पण तिन्हींचं उत्तर एकाच विसर्गाच्या निवेदनात मिळतं, म्हणून मी ते एका ओळीत ठेवतो आणि आकड्यांखाली रेघ मारतो. आकडा जुळला नाही तर तेवढाच फोडायचा. कोयनेला सहाच वक्री दरवाजे आहेत, त्याबद्दल कुणाचा वाद नाही, त्याची ओळ नकोच. एका फोनवर हो किंवा नाही असं उत्तर मिळेल, इतकं फोडलं की पुरे.

१०५ टक्के मात्र वेगळंच ठेवा. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. माझा अंदाज, कुणीतरी "१०५ टीएमसी"चं "१०५ टक्के" केलं. म्हणून तपासताना प्रश्न "धरण भरलं का" असा विचारू नका, "आज सकाळी साठा किती टीएमसी" असा विचारा. ओळ जशी लिहाल तसं उत्तर मिळतं.

तासगावचा_बाळू

यादीबिदी राहू द्या हो. अलमट्टीमुळेच सांगली बुडते, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात काय तपासायचंय?

डेस्कवरचा

बाळूदादा, तुमचं आणि मेसेजचं म्हणणं एक नाही. मेसेज म्हणतो, *आज* दरवाजे बंद आहेत. ते आज-उद्यात तपासता येतं. अलमट्टीच्या फुगवट्याने आपल्याकडे पूर चढतो का, हा वर्षानुवर्षांचा वाद आहे. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समितीने अलमट्टीला जबाबदार धरलं नाही, आणि ते इथल्या अनेकांना आजही पटलेलं नाही. तो वाद इथे मिटणार नाही. म्हणूनच "दरवाजे बंद आहेत" ही एक ओळ आणि "त्यामुळे पाणी पुढे सरकत नाही" ही दुसरी. पहिली खोटी निघाली तर दुसरीला या मेसेजपुरता आधारच उरत नाही. पहिली खरी निघाली तरी दुसरी आपोआप खरी ठरत नाही. "ने", "मुळे", "म्हणून", "त्यामुळे" दिसलं की तिथे एक जादा ओळ असतेच.

शिवाय "पुन्हा" हा शब्द बघा. आधीही बंद ठेवले होते, हे त्यात गुपचूप घुसवलंय.

तासगावचा_बाळू

२०१९ ला माझ्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. मला समितीचं सांगू नका.

मार्केटयार्ड

आमच्याकडे असलाच प्रकार हळदीचा. "सांगलीत हळदीला विक्रमी दर, शेतकऱ्यांनी माल काढावा." बघायला गेलं तर एका चांगल्या राजापुरी लॉटचा तो कमाल दर, सरासरी त्याच्या बरीच खाली. यात दावे किती मोजायचे? दर खरा होता, पण वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांनाच तो मिळतोय.

नदीकाठची_वहिनी

मार्केटयार्डदादा, तुमचं वेगळं विचारा ना, इथे गुंता होतोय.

डेस्कवरचा, तुम्ही सांगितल्यावर पुन्हा वाचलं. "५५ फुटांवर, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त" हेही दोन झाले का? एक पातळीचं आणि एक तुलनेचं?

डेस्कवरचा

झाले, आणि यातला दुसरा तुम्ही घरबसल्या आत्ताच निकालात काढू शकता. २०१९ ला आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे उद्या खरोखरच ५५ फूट झालं तरी "२०१९ पेक्षा जास्त" चूकच. एकाच ओळीत लिहिलं असतं तर हे लक्षात आलं नसतं.

५५ फुटांची ओळ मात्र उद्याची आहे. उद्याची गोष्ट आज खरी-खोटी ठरवता येत नाही. तिच्यापुढे "अंदाज" लिहा आणि प्रश्न बदला: असा अंदाज कुणी अधिकृतपणे दिलाय का, आणि आत्ता पातळी किती आहे? आयर्विनला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी आहे. आत्ता पाणी २० च्या आसपास असेल आणि मेसेज सकाळी ५५ म्हणत असेल, तर त्यावरूनच काय ते कळतं.

शैला_मिरज

अजून एक कुणी धरलं नाही. "आज रात्री" म्हणजे कुठली रात्र? बुडबुड्यात वेळ आहे, तारीख कुठाय? हा मेसेज मागच्या ऑगस्टचाही असू शकतो.

नदीकाठची_वहिनी

वेळ ७:४२ दिसते. तारीख नाही. वर दोन बाण आणि Forwarded many times आहे.

शैला_मिरज

मग ती पहिली ओळ करा: "हा मेसेज आजचा आहे." बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. आणि ७:४२ वर भरवसा नको. ती ज्याच्या फोनवर आला त्याची वेळ, लिहिला तेव्हाची नव्हे. टाकणाऱ्या बाईकडून स्क्रीनशॉट न घेता मूळ फॉरवर्डच मागवा, म्हणजे "अधिक वाचा"च्या खालचं तरी मिळेल. कापलेल्या भागात कधी कधी जुन्या गावाचं किंवा जुन्या वर्षाचं नाव असतं.

फोटोचंही तसंच. मजकुरात फोटोबद्दल एक अक्षर नाही, पण लावलाय म्हणजे "हे आजचं पाणी" असं न बोलता सांगितलंय. ती वेगळी ओळ. शोधताना अख्खा स्क्रीनशॉट टाकू नका, अक्षरांमुळे भलतंच सापडतं. फक्त फोटोचा चौकोन कापून टाका.

पत्र्याचा_डबा

"प्रशासन झोपलंय" टाइपचं काय? ते मत आहे, ते सोडून द्यायचं ना?

शैला_मिरज

"झोपलंय" असतं तर सोडलं असतं. "खरी पातळी लपवत आहे" हा दावा आहे: जाहीर केलेली पातळी आणि पुलावरच्या पट्टीवरची पातळी वेगळी आहे. पट्टी बघून तपासता येतो. गंमत बघा, सुरुवातीला त्याच प्रशासनाच्या नावाने माहिती दिलीय.

डेस्कवरचा

लपवण्यामागे हेतू असतो, तो कसा तपासणार? मी तर ती ओळ "तपासता येत नाही" अशी वेगळी ठेवतो.

शैला_मिरज

हेतू ठेवा बाजूला. आकडा तरी जुळतो की नाही ते बघाच.

नदीकाठची_वहिनी

बरं, मी दोन्ही लिहिते. आता यादी अशी आहे:

मेसेज आजचा आहे. माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाची आहे. कोयनेत साठा किती. आज रात्री सहा दरवाजे, १० फूट, १ लाख. धरण भरलं म्हणून सोडणार. अलमट्टीचे दरवाजे आज बंद. आधीही बंद होते. त्यामुळे पाणी अडलंय. ५५ फूट (अंदाज). २०१९ पेक्षा जास्त, हे चूक. जाहीर पातळी आणि पट्टी वेगळी. हेतू (तपासता येत नाही). फोटो आजचा. "गुरे हलवा" हे सांगणं आहे, दावा नाही, म्हणून काढलं.

पहिल्या काही ओळींसाठी १०७७ ला फोन करतेय. अलमट्टीचं कुणाला विचारायचं? आमच्यात कुणाची कर्नाटकात ओळख नाही.

डेस्कवरचा

ओळख नको. धरणाच्या रोजच्या आकडेवारीत आवक आणि विसर्ग शेजारी शेजारी असतात. विसर्ग शून्याजवळ असेल तर "बंद" खरं. विसर्ग आवकेइतका किंवा त्याहून जास्त असेल तर खोटं. मधे असेल तर ओळीपुढे आकडा लिहा, हो-नाही लिहू नका.

"गुरे हलवा" काढलंत ते बरोबर, पण ग्रुपवर उत्तर देताना अख्ख्या मेसेजवर "फेक" असा शिक्का मारू नका. विसर्गाची ओळ खरी निघाली आणि बाकी सगळ्या खोट्या, तरी काठावरच्या गोठ्याला ती एकच ओळ पुरते.

मार्केटयार्ड

वहिनींचं झालं असेल तर माझ्या हळदीचं सांगा. "विक्रमी" म्हणजे कशाच्या तुलनेत, ही वेगळी ओळ धरायची का?