मदत हवी आहे : चिठ्ठीवरील ‘सबलिंग्वल’ मराठीत कसे लिहावे?

रामबागकर
नमस्कार. इंदूरला आमच्या रामबागेतील काही ज्येष्ठांना डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी मी मराठीत लिहून देतो. शेजारच्या काकूंच्या चिठ्ठीवर आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ५ मि.ग्रॅ., छातीत दुखल्यास, ‘सबलिंग्वल’ असे होते. मी डबीवर ‘जिभेखाली घ्यावी’ असे लिहिले. परवा रात्री छाती भरून आली तेव्हा त्यांनी गोळी क्षणभर जिभेखाली ठेवली आणि पेलाभर पाण्याबरोबर गिळून टाकली. बराच वेळ दुखणे थांबेना, म्हणून मुलाने रुग्णालयात नेले. आता त्या बऱ्या आहेत, पण माझेच शब्द चुकले असे मला वाटते. काय लिहायला हवे होते?

दवाखरेदी
एवढे मनाला लावून घेऊ नका. गोळी चावून गिळली तरी औषध लवकर भिनते. माझ्या मामांना झटका आला तेव्हा डॉक्टरांनी चावायलाच सांगितले होते.

विदुला_फार्मसी
मामांना चावायला दिली ती बहुधा अ‍ॅस्पिरिन असावी. तिची रीत वेगळी आहे. काकूंची गोळी जिभेखालच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जायला हवी. पोटात गेली तर ती आधी यकृतातून जाते, तिथे तिचा बराच भाग निष्प्रभ होतो आणि उरलेल्याचा गुणही उशिरा येतो.

रामबागकर, ‘जिभेखाली’ हा शब्द बरोबर आहे, गोंधळ ‘घ्यावी’ने केला, कारण आपल्याकडे गोळी घेणे म्हणजे पाण्याबरोबर गिळणेच. असे लिहा : ‘खाली बसा. गोळी जिभेखाली ठेवा. विरघळेपर्यंत गिळू नका, चावू नका, पाणी पिऊ नका. पाच मिनिटांत दुखणे कमी झाले नाही तर १०८ ला फोन करा.’ बसणे आधी लिहा, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. तोंड कोरडे असेल तर गोळीआधी घोटभर पाण्याने ओले करावे.

सुनंदा_वडोदरा
माझ्या सासऱ्यांना दम्यासाठी पावडरीच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्या यंत्रात घालून ओढायच्या असतात, पण ते पंधरा दिवस गिळत होते आणि औषध लागू पडत नाही म्हणत होते. हे तुमच्या प्रश्नात बसते का ते मला ठाऊक नाही.

विदुला_फार्मसी
बसते, ताई. पावडर फुप्फुसात पोचलीच नाही, तर दमा कसा कमी होणार? तिथेही ‘हुंगा’ लिहू नये, लोक नाकाशी धरतात. ‘यंत्रात घालून तोंडाने जोरात आत ओढा, मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा’ असे लिहावे.

रामबागकर
आज नवी चिठ्ठी काकूंकडून मोठ्याने वाचून घेतली आणि मग काय कराल ते विचारले. त्यांनी आधी खुर्ची ओढली, पाण्याच्या तांब्याकडे हात नेला नाही.

आता एकच अडते. गुदद्वारातून द्यायच्या औषधाला ‘गोळी’ म्हटले की ती तोंडात जाते, ‘गुदद्वार’ काहींना कळत नाही आणि ‘संडासची जागा’ डबीवर लिहिलेले काकूंना आवडत नाही. तुमच्याकडे काय लिहितात?

विदुला_फार्मसी
मी ‘शौचाच्या वाटेने आत सरकवा, तोंडाने नको’ असे लिहिते आणि वेष्टन काढायलाही सांगते. तरी दोघांनी परत येऊन विचारलेच.