साचलेलं पाणी की तुंबलेलं पाणी? लेप्टोच्या सूचनेतले शब्द

वैशाली (परळ): आमच्या चाळीच्या फलकावर लावायला ही सूचना आली आहे: "अतिवृष्टीमुळे साचलेल्या दूषित पाण्याशी संपर्क आलेल्या जोखीम गटातील नागरिकांनी लेप्टोस्पायरोसिसचा प्रादुर्भाव टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत प्रतिबंधात्मक उपचार घ्यावेत. लक्षणे आढळल्यास तात्काळ आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा." गेल्या वर्षी असंच काहीसं लावलं होतं. तळमजल्यावरचे काका दोन दिवस गुडघाभर पाण्यातून घरी आले होते. वाचून म्हणाले, "आपण कुठे जोखीम गटात? ते सफाई कामगारांसाठी असतं." 'जोखीम गट'ला सोपा शब्द सुचवा.

श्रीधर: 'धोका असलेल्या व्यक्ती'. आमच्या आजीच्या तोंडी 'जोखीम' म्हणजे दागिने. "अंगावर जोखीम आहे, एकटी जाऊ नको" असं ती म्हणायची.

मनोज: साध्या भाषेत लिहा की कुंड्या, टायर, पिंपं रिकामी करा, पाणी साचू देऊ नका. आणि ताप आला की ७२ तासांत गोळी घ्या. झालं.

सुनंदा (निवृत्त वैद्यकीय अधिकारी): मनोज, कुंड्यांचं पाणी डेंग्यूचं. तो डासांचा आजार, हा उंदराच्या लघवीचा. पण चूक तुमची नाही. दरवर्षी 'साचलेलं पाणी' हे शब्द आपण डेंग्यूच्या पत्रकात वाचतो, त्यामुळे डोळ्यांसमोर कुंडीच येते. रस्त्यावरच्या पाण्याला मुंबईकर 'तुंबलेलं पाणी' म्हणतो, तेच लिहा.

७२ तासांचं मात्र गंभीर आहे. ते तापापासून मोजायचे नाहीत, पाण्यात पाय पडल्यापासून मोजायचे. गोळी ताप येऊ नये म्हणून असते. मूळ वाक्यात कशापासून मोजायचं हेच लिहिलेलं नाही, म्हणून तुम्ही तापापासून मोजलंत. ताप आलाच, तर तीन दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

वैशाली, 'जोखीम गटा'ला दुसरा शब्द शोधू नका, गटच काढा. काकांना धोका आहे की नाही हे ते कोण आहेत यावर ठरत नाही, पाण्यातून चालले का आणि पायाला खरचटलेलं होतं का यावर ठरतं. जखमेतून जंतू लवकर शिरतात. त्यांना सरळ विचारा: "तुम्ही तुंबलेल्या पाण्यातून चाललात का?" त्याला माणूस मनातल्या मनात उत्तर देतोच.

श्रीधर: 'संपर्क' दोनदा आलाय हे पाहिलंत? एकदा पाण्याशी, एकदा आरोग्य केंद्राशी. दुसरा 'संपर्क साधावा' वाचून माणूस फोन करेल. दवाखान्यात जायचं असेल तर 'जा' म्हणा.

रामचंद्र (कुडाळ): आमच्याकडे ही सूचना लावून उपयोग नाही. लावणीच्या दिवसांत रोज चिखलात उभं राहायचं, पायाला भेगा, हाताला कोयत्याचं लागलेलं. ७२ तास कुठल्या दिवसापासून मोजू? माझ्या भावाला झाला होता. आठवडाभर सगळे साधा ताप म्हणत होते. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देत नव्हता.

सुनंदा: रामचंद्र, रोज चिखलात असणाऱ्यांसाठी डॉक्टर आठवड्याला एक अशी गोळी देतात. तुमच्याकडे वेगळं पत्रकच हवं. आणि पोटऱ्यांचं सांगितलंत ते फार मोलाचं. 'लक्षणे' या एका शब्दाने कुणालाच काही कळत नाही, 'पोटऱ्या दुखतात' म्हटलं की कळतं.

वैशाली: असं केलं:

"तुम्ही तुंबलेल्या पाण्यातून चाललात का? त्या पाण्यात उंदरांची, कुत्र्यांची, गुरांची लघवी मिसळलेली असते. त्यातून लेप्टो होतो, पायाला जखम असेल तर धोका जास्त. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा. पाण्यातून चालल्यापासून तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जा, लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्टर गोळी देतील. गरोदर असाल किंवा मूल आठ वर्षांखालचं असेल, तर आधी सांगा, त्यांचं औषध वेगळं असतं. पुढच्या महिनाभरात ताप आला, डोकं किंवा पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी जा आणि 'मी पाण्यातून चाललो होतो' हे डॉक्टरांना सांगा."

सुनंदा: ते शेवटचं वाक्य ठेवाच. आजार दिसायला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात, कधी महिनाही. तोवर रोगी पाणी विसरलेला असतो आणि डॉक्टर ताप बघून मलेरियाच शोधत बसतात.

मनोज: गोळीचं नाव लिहा ना, डॉक्सिसायक्लिन. रात्री दवाखाना बंद असतो.

सुनंदा: मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक दुकानातून घेतात, उपाशीपोटी खातात, उलटी होते आणि गरोदर बाईलाही तीच दिली जाते.

मनोज: आणि नाव नसलं की तीन दिवस निघून जातात. मला नाही पटत.

श्रीधर: चाळीतल्या म्हाताऱ्यांना फलकावर 'लघवी' शब्द नको वाटेल. 'मूत्र' करायचं का?

वैशाली: काकांना दोन्ही वाचून दाखवलं. 'मूत्र' म्हटल्यावर त्यांना गोमूत्र आठवलं. 'लघवी'च ठेवते.