होम लोन दुसऱ्या बँकेत नेताना नेमकं काय अडतं?

> इंदिरानगरच्या फ्लॅटवर ३० लाख बाकी, १५ वर्षं उरलीत, व्याज ९ टक्के. नाशिकमधलीच दुसरी बँक ८.५ देतेय. फ्लोटिंगला फोरक्लोजर चार्ज नाही, मग अडचण कसली?

अडचण कागदांची आणि मुदतीची. हप्ता ३०,४२८ वरून २९,५४२ वर येईल, म्हणजे वर्षाला साधारण १०,६०० वाचतील. त्यातून प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन आणि गहाणाची मुद्रांक-नोंदणी वजा करा. खर्च ४० हजार झाला, तर तो भरून यायलाच जवळपास चार वर्षं लागतील.

मूळ खरेदीखत बहुधा शाखेत नसतं, दूरच्या कोठारात असतं. म्हणून आधी कागदपत्रांची यादी मागा आणि ती नव्या बँकेच्या वकिलाकडून तपासून घ्या. कर्ज मिटवायला किती भरायचं ते सांगणारं फोरक्लोजर स्टेटमेंट त्यानंतरच काढा. त्यावरची तारीख उलटली की रोजचे सुमारे ७४० रुपये व्याज चढतं आणि नव्या बँकेच्या चेकची रक्कम कमी पडते. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.

सगळ्यात मोठा फटका मुदतीत आहे. नवी बँक पुन्हा २० वर्षं लावते, हप्ता २६,०३५ दिसतो आणि माणूस खूश होतो. एकूण भरणा मात्र आताच्या कर्जापेक्षा सुमारे ७.७ लाखांनी वाढतो. मंजुरीपत्रात १८० हप्तेच लिहून घ्या.

त्याआधी सध्याच्या बँकेकडे दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. कन्व्हर्जन फी भरून ८.६ मिळाले तरी मी तिथेच राहायला सांगेन.