ओएमआर शीटवर ओळ सरकू नये म्हणून तुम्ही काय करता?

इंदूरमधून नीट परीक्षेला बसलेल्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी आपापले अनुभव लिहावेत. एखादा प्रश्न सोडला आणि पुढचे उत्तर त्याच्याच ओळीत रंगवले गेले, तर ते किती लवकर लक्षात येते, एवढाच मुद्दा आहे.

शिकवणी घेणारे, राजेंद्र नगर: आमच्या सराव परीक्षेतील एका विद्यार्थिनीने ५३ वा प्रश्न सोडला आणि ५४ चे उत्तर ५३ च्या ओळीत भरले. ती दर दहा प्रश्नांनी ओळ तपासत असे, त्यामुळे ६० वा प्रश्न सोडवून झाल्यावर शेवटचा गोळा ५९ च्या ओळीत दिसला, तेव्हा चूक उघडकीस आली. ५४ ते ६० ची सातही उत्तरे बरोबर होती, म्हणजे २८ गुण मिळायला हवे होते. पण ५३ ते ५९ या सातही ओळी चुकल्या आणि ६० ची ओळ तेवढी वाचली, म्हणून हाती आले उणे ३. तिने ५५ लाच पाहिले असते, तर दोनच ओळी बिघडून २२ गुण राहिले असते. बॉलपेन खोडता येत नाही, आणि त्याच ओळीत दुसरा गोळा रंगवला तरी उत्तर चूकच धरतात, म्हणून बिघडलेल्या ओळी तशाच सोडून पुढचे उत्तर त्याच्या खऱ्या क्रमांकावर भरायचे.

दुसऱ्यांदा परीक्षा देणारा, सुदामा नगर: मी शेवटी रंगवलेले गोळे मोजतो आणि सोडवलेल्या प्रश्नांच्या संख्येशी ताळा करतो.

शिकवणी घेणारे: वरच्या उदाहरणात चूक उघडकीस येईपर्यंत गोळे सातच होते आणि सोडवलेले प्रश्नही सातच, त्यामुळे तुमचा ताळा जुळला असता. सोडलेल्या प्रश्नाभोवती प्रश्नपत्रिकेवर मोठे वर्तुळ काढा आणि दर पाच प्रश्नांनी तीच ओळ शीटवर रिकामी आहे ना, हे पाहा.

एक आई, रामबाग: आमच्या मुलाचा रोल नंबरच चुकीच्या गोळ्यांत भरला गेला होता, सुदैवाने पर्यवेक्षकांनी वेळीच पाहिले. त्याचेही असेच करावे का?

शिकवणी घेणारे: ताई, ते वेगळे. रोल नंबर एकदाच, प्रवेशपत्र समोर ठेवून, अंकाअंकाने जुळवावा.

वैद्यकीय प्रथम वर्ष, मूळची ग्वाल्हेरची: १८० प्रश्नांत दर पाचाला थांबणे मला जड जायचे, विशेषतः भौतिकशास्त्रात, जिथे एकेका गणितानंतर डोके पुन्हा शीटवर आणावे लागते. मी गोळा भरताना मनात "पंचावन्न, तीन" असे म्हणत असे आणि प्रश्नपत्रिकेचे पान उलटताना शेवटचा क्रमांक पाहत असे. पानावर प्रश्न कमी असतील तर हे पुरते; जीवशास्त्राच्या दाटीवाटीच्या पानांवर मात्र तेवढ्याने भागेल, असे मी म्हणणार नाही.

सुदामा नगर: मग जीवशास्त्राला पाच आणि भौतिकशास्त्राला पान, असे ठेवून पाहतो. मात्र प्रश्न मागेपुढे करून सोडवले, तर पाचाचा हिशेब कुठून धरायचा?