हेडलाईनमधून पद काढलं, मग ठेवायचं काय?

चाकणकर: ऑटो कंपोनंट कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट ऑपरेशन्स आहे, दोन वर्षांनी निवृत्ती. पुढे एखाद्या बोर्डावर स्वतंत्र संचालक, नाहीतर मध्यम कंपनीत सीईओ. म्हणून लिंक्डइनवरून पद काढून टाकलं आणि हेडलाईन केली: ‘अ‍ॅस्पायरिंग इंडिपेंडंट डायरेक्टर | व्हिजनरी लीडर | स्ट्रॅटेजिक थिंकर | आयआयसीए सर्टिफाइड’. ज्यांना पदाशिवाय ओळख नाही त्यांनीच पद मिरवावं, असं माझं स्पष्ट मत. सहमत?

वर्षा_सीएस: अजिबात नाही. खरं तर झोपायला निघाले होते, पण शेवटचं वाक्य वाचून परत बसले. मी लिस्टेड कंपनीत कंपनी सेक्रेटरी आहे. संचालकांची नावं सुचवणाऱ्या नॉमिनेशन कमिटीपुढे जाणारी नावांची यादी आणि टिपणं माझ्या टेबलावरून जातात, आणि तुमच्यासारख्या हेडलाईनी मी रोज बघते.

त्या चार तुकड्यांत तुम्ही आयुष्यभर काय केलंत याचा पत्ताच नाही. ‘अ‍ॅस्पायरिंग’ म्हणजे अजून कुणी घेतलेलं नाही, ही बातमी तुम्ही स्वतःच सगळ्यात पुढे लावली आहे. हेडलाईनला २२० अक्षरांची मुभा असली तरी सर्चमध्ये आणि फोनवर नावाखाली सुरुवातीचेच शब्द दिसतात. तिथे तुम्ही इच्छा लिहिली, काम नाही.

आता कमिटी काय शोधते ते बघा. सेबीच्या नियमांनुसार लिस्टेड कंपनीला वार्षिक अहवालात बोर्डाच्या कौशल्यांचा तक्ता द्यावा लागतो, कुठल्या संचालकाकडे काय आहे ते नावानिशी. तुम्हाला जिथे बसायला आवडेल अशा पाच-सहा कंपन्यांचे अहवाल उघडा आणि कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात तो तक्ता काढा. फायनान्स आणि गव्हर्नन्सच्या रकान्यांत बरोबरच्या खुणांची गर्दी असते. कारखाना, पुरवठा साखळी, सायबर, शाश्वतता असे रकाने अनेकदा विरळ असतात. त्या विरळ रकान्याचं नाव तुमच्या हेडलाईनमध्ये हवं, आणि त्याला आधार देणारी एक ठोस गोष्ट.

पेठेतला_म्हातारा: वर्षाताई, तक्ते-बिक्ते ठीक आहेत. पण स्वतंत्र संचालक प्रमोटरच्या ओळखीतून येतो हे सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजचा मित्र, निवृत्त बँकवाला, भाच्याचा सासरा. आधी माणूस ठरतो आणि मग त्याच्या मापाने तक्ता भरतात. हेडलाईन वाचून कुणी बोर्डावर घेतलं असं एक उदाहरण दाखवा.

वर्षा_सीएस: ओळखीतून नाव येतं, मान्य. पण त्यानंतर काय होतं? सुचवणारा फोनवर नाव सांगतो, मग कमिटीतले तिघं-चौघं लगेच लिंक्डइन उघडतात. सुचवणाऱ्याने ‘कारखाने उत्तम चालवलेत’ म्हटलं आणि समोर ‘व्हिजनरी लीडर’ आलं की तिथेच शंका सुरू होते. हेडलाईन दार उघडत नाही, उघडलेलं बंद मात्र करते.

पेठेतला_म्हातारा: म्हणजे ओळख लागतेच. धन्यवाद.

निखिल_दुबई: माझाही प्रश्न सांगतो. मी सीनियर मॅनेजर आहे, जॉब बदलायचाय. हेडलाईनमध्ये ‘ओपन टू बोर्ड रोल्स’ टाकलं तर पगार जास्त मिळेल का?

वर्षा_सीएस: निखिल, हा धागा वेगळ्या गोष्टीचा आहे. तुम्ही तुमचं पद आणि क्षेत्र लिहा, रिक्रूटर त्यावरूनच शोधतात.

सुलभा_के: मला त्या ‘आयआयसीए सर्टिफाइड’चीच चीड आहे. आयआयसीए या सरकारी संस्थेच्या स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेत नाव नोंदवायचं, ऑनलाईन परीक्षेत ५०% मिळवायचे आणि हेडलाईनमध्ये असं मिरवायचं की जणू सरकारने नेमणूक केली! माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांनी तर पेढे वाटले. पुढे एकही फोन नाही.

चाकणकर: परीक्षा पास होणं गुन्हा आहे का? नियमच आहे ना?

सुलभा_के: गुन्हा नाही हो, पण पात्रतेची पहिली पायरी आहे. रेशन कार्ड दाखवून कुणी खानदान सांगतं का?

अरुण_सीएफओ: यात एक बारकावा आहे. लिस्टेड कंपनीत तीन वर्षं संचालक किंवा केएमपी, म्हणजे कायद्याने ठरवलेला प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, राहिलेल्याला परीक्षेतूनच सूट असते. सीएफओ म्हणून मी केएमपी, त्यामुळे मला माफ. व्हाइस प्रेसिडेंट आपोआप केएमपी होत नाही. म्हणजे हेडलाईनमधलं ‘सर्टिफाइड’ वाचून जाणकाराला उलट इतकंच कळतं की हा माणूस केएमपी नव्हता.

चाकणकर: वा! म्हणजे पास झालो हाच माझा दोष. तुम्ही सीएफओ लोक चारचौघांत असंच बोलता. २८ वर्षं शॉप फ्लोअरवर काढली आहेत मी, एक्सेलमध्ये नाही.

अरुण_सीएफओ: तेच लिहा की मग! ते सोडून बाकी सगळं लिहिलंय तुम्ही.

पेठेतला_म्हातारा: भांडा. आणि परीक्षा देऊन बोर्डावर बसलेले तरी काय दिवे लावतात? प्रमोटर बोलतो, हे मान डोलावतात, सिटिंग फी घेतात. कायद्यात मर्यादा एका मीटिंगला १ लाखाची, डोलावण्याच्या मानाने बरीच म्हणायची.

वर्षा_सीएस: काका, कंपनी बुडाली तर नोटीस कुणाच्या घरी येते ते एकदा विचारा. तो विषय वेगळा आहे, वेगळा धागा काढा. चाकणकर, तुम्ही आकडे सांगितले नाहीत म्हणून विचारते. किती कारखाने, काय बदललं?

चाकणकर: चार कारखाने. सणसवाडीचा तोट्यात होता, तीन वर्षांत वर आणला. युनियनशी दोन वेतन करार केले, एकाही दिवसाचा संप नाही. एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेले सुटे भाग दुसरीकडून उभे केले.

वर्षा_सीएस: मग हे घ्या: ‘ऑपरेशन्स प्रमुख, ऑटो कंपोनंट्स | ४ कारखाने, तोट्यातला १ नफ्यात | पुरवठा साखळी जोखीम, वेतन करार | बोर्ड आणि सीईओ भूमिका’. इंग्रजीत टाइप करा, २२० अक्षरांत आरामात बसतं. पहिल्या तुकड्यात तुम्ही कोण ते कळतं, दुसऱ्यात पुरावा. तिसरा तुकडा कमिटीच्या तक्त्यातला रकाना आहे. इच्छा शेवटी, तीही ‘अ‍ॅस्पायरिंग’ न म्हणता. डेटाबँकेची नोंद खाली ‘अबाउट’मध्ये जाऊ द्या.

अरुण_सीएफओ: शेवटचा तुकडा मी आत्ता टाकणार नाही. त्यांना दोन वर्षं अजून नोकरी करायची आहे. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला लेखी परवानगीची अट असतेच बहुतेक ठिकाणी. एमडीच्या फोनवर ‘सीईओ भूमिका’ दिसली तर पुढची बढतीची चर्चाच संपली. आणि बोर्ड व सीईओ एका ओळीत? कमिटीला वाटेल हा नोकरी शोधतोय, हेडहंटरला वाटेल हा निवृत्त होतोय.

वर्षा_सीएस: पहिला मुद्दा बरोबर, परवानगी आधी घ्यावी. दुसरा पटत नाही. उत्पादनातल्या बऱ्याच मध्यम कंपन्यांना असाच माणूस हवा असतो, आज सल्ला देणारा आणि वेळ पडली तर उद्या चालवायला घेणारा.

अरुण_सीएफओ: लिस्टेडमध्ये नाही. स्वतंत्र संचालकाला उद्या तिथेच सीईओ केलं तर तो स्वतंत्र राहिला का? परत कार्यकारी म्हणून मोजणार.

वर्षा_सीएस: अनलिस्टेडबद्दल बोलतेय हो मी.

चाकणकर: तुमचं ठरवा आधी. मी ‘व्हिजनरी’ काढलं, ‘थिंकर’ही काढलं. ‘सर्टिफाइड’ मात्र ठेवणार, रात्र जागून अभ्यास केलाय.

सुलभा_के: ठेवा हो. पेढे कधी?